ती ट्यूब ‘क्रीम’ नाही, औषध आहे

माझ्या गालांवर लाल धाग्यांसारख्या बारीक रेषा आहेत. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर त्या दिसत नाहीत, आरशात दिसतात. कुणी विचारलं तर मी ‘ॲलर्जी’ म्हणतो. खरं उत्तर असं आहे की सुमारे अडीच वर्षं मी रोज रात्री एक स्टिरॉइड चेहऱ्याला लावत होतो आणि ते स्टिरॉइड आहे हे मला माहीत नव्हतं.

हे सांगितलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, “गोरं व्हायचा एवढा सोस कशाला?” हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. ते वाक्य पूर्ण खोटं नाही. पण ते सगळा दोष ट्यूब लावणाऱ्याच्या माथी मारतं आणि ट्यूब विकणारा नामानिराळा राहतो.

२०१९ साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, पुण्यात हॉस्टेलवर. कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आले होते आणि हनुवटीवर पिंपल्स. रूममेटने त्याची ट्यूब दिली. “रात्री लाव, आठ दिवसांत बघ.” आठ दिवसांत खरंच पिंपल्सची लाली गेली, जुने डाग पुसट झाले, चेहरा उजळला. दिवाळीला लातूरला घरी गेलो तर मावशी म्हणाली, “पुण्याचं पाणी मानवलं बरं का तुला!” पुढची ट्यूब मी स्वतः मेडिकलमधून आणली. त्यानंतर किती आणल्या ते मोजलं नाही. एकदाही कुणी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही.

आता त्या ट्यूबमध्ये काय होतं ते बघू. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. हायड्रोक्विनोन त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर बदलायला लावतं. मोमेटासोन हे स्टिरॉइड, तेही चांगलंच जोरकस. अशा मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ सालची, क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन संशोधकांची. ते वांगासारख्या काळ्या डागांवर, थोड्या काळासाठी वापरायचं औषध आहे. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशाच तिहेरी मलमात यापेक्षा सौम्य स्टिरॉइड असतं आणि तेही ८ आठवड्यांपर्यंतच वापरायचं असतं. माझे झाले साधारण १३० आठवडे.

मग चेहरा उजळला कशामुळे? सगळ्यात आधी, आणि सगळ्यात फसवा, परिणाम स्टिरॉइडचा होता. स्टिरॉइड लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्या जागी रक्त कमी येतं आणि त्वचा फिकट दिसते. हा परिणाम इतका हमखास असतो की लावायच्या स्टिरॉइडची ताकद मोजायला तोच वापरतात. १९६२ पासून रूढ असलेल्या या चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला औषध लावतात आणि ती जागा किती पांढरी पडली ते बघतात. जितकी पांढरी, तितकं औषध जोरकस. म्हणजे मावशीला जे ‘पुण्याचं पाणी’ वाटलं, ते प्रयोगशाळेच्या भाषेत औषधाच्या ताकदीचं माप होतं. त्यात चेहरा म्हणजे हात नव्हे. हातापेक्षा कपाळाच्या त्वचेतून स्टिरॉइड साधारण सहापट आत जातं आणि जबड्याच्या भागातून त्याहून जास्त.

ज्या गुणामुळे ट्यूब ‘गुणकारी’ वाटते तोच पुढे चेहरा बिघडवतो. स्टिरॉइड दाह दाबतं, म्हणून पिंपल्सची लाली जाते. पण ते त्वचेला आधार देणारं कोलॅजन बनणंही दाबतं. महिनोन्महिने हे चाललं की त्वचा पातळ होत जाते. पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. त्यांना धरून ठेवणारं कोलॅजनही कमी झालेलं असतं, म्हणून त्या कायमच्या फुगतात. माझ्या गालांवरचे लाल धागे म्हणजे याच रक्तवाहिन्या.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे असं समजलं: प्रोग्रॅम एरर देतोय आणि आपण एरर दुरुस्त न करता फक्त तिचा मेसेज बंद केलाय. स्क्रीन स्वच्छ दिसते, आत बिघाड वाढत असतो.

२०२१ च्या डिसेंबरात मी तीन दिवस ट्रेकला गेलो आणि ट्यूब रूमवर राहिली. दुसऱ्या रात्री चेहरा तापला. तिसऱ्या दिवशी गाल लालभडक झाले, गार पाणीही झोंबायला लागलं. परत येऊन ट्यूब लावली तर तासाभरात बरं वाटलं. मी निष्कर्ष काढला की माझी त्वचा नाजूक आहे आणि हेच क्रीम तिला सांभाळतंय. तो उलटा होता. रोज आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या औषध थांबताच एकदम सैल पडतात आणि दाबलेला दाह उसळून येतो. थांबवल्यावरचा हा त्रासच माणसाला परत ट्यूबकडे नेतो. याला सोस म्हणायचं की औषधाने लावलेली सवय?

पुढच्या दोन-तीन महिन्यांत कपाळ आणि हनुवटीवर पुरळ आलं. नेहमीच्या पिंपल्समध्ये काही काळे ठिपके, काही मोठे, काही पिकलेले असतात. हे सगळे एकाच मापाचे, बारीक, लाल दाणे होते, जणू कुणी एका छापाने उठवलेत. उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं की झोंबायचं, चहा प्यायलो की चेहरा लाल. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “ट्यूबचा फोटो आहे का फोनमध्ये?” निदानाआधी ट्यूब विचारतात, इतकं हे रोजचं झालंय. या अवस्थेला भारतातल्याच डॉक्टरांनी नाव दिलंय: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा.

आता त्या ‘सोसा’कडे येतो. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. गोरेपणासाठी किंवा रोजचं साधं क्रीम म्हणून लावणारे होते २९ टक्के. हे सगळ्यात मोठं कारण होतं खरं, पण बाकीचे दुसऱ्याच कशासाठी तरी लावत होते, त्यात पिंपल्ससाठी लावणारे बरेच. आणि निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. म्हणजे उद्या सगळ्यांनी आपल्या रंगावर प्रेम करायला सुरुवात केली तरी हा प्रश्न उरतोच. ‘सावळा रंग सुंदर’ अशी पोस्ट टाकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण त्या पोस्टने गल्लीतल्या मेडिकलचं काउंटर बदलत नाही.

कायदा काय म्हणतो? अशी १४ स्टिरॉइड मलमं २०१८ साली सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मोमेटासोन त्यात आहे. मी पहिली ट्यूब विकत घेतली २०१९ मध्ये, नियमानंतर. पैसे दिले, ट्यूब घेतली. साबण घेतानाही याहून जास्त बोलणं होतं.

“लेबल वाचायचं ना, इंजिनिअर आहेस!” हेही ऐकलंय. दिवसभर डॉक्युमेंटेशन वाचणारा माणूस मी, पण ते लेबल वाचलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते ‘क्रीम’ होतं. औषधाचं लेबल आपण वाचतो, क्रीमचा फक्त वास घेतो. चूक माझी आहेच. पण चिठ्ठीचा नियम नेमका अशा चुकीसाठी असतो. गिऱ्हाइकाला कळत नाही असं गृहीत धरूनच तो केलेला असतो.

माझी खरी चूक वेगळी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी होतो. धाकट्या बहिणीने विचारलं, “दादा, तू काय लावतोस?” मी तिला नवी ट्यूब दिली. ती दोनदा लावायची, सकाळीही. माझं निदान झालं तेव्हा तिला फोन केला आणि म्हटलं, “आजच्या आज फेकून दे.” हाही सल्ला चुकीचाच होता. चौथ्या दिवशी तिचा चेहरा सुजला. आई घाबरली आणि तिनेच दुसरी ट्यूब आणवली. हे चक्र दोनदा झालं. मग डॉक्टरांनी तिला एकदम न थांबवता आधी सौम्य स्टिरॉइडवर आणलं आणि हळूहळू अंतर वाढवत सोडवलं. माझं लगेच बंद केलं होतं. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि टॅक्रोलिमस नावाचं स्टिरॉइड नसलेलं मलम, जे पहिले काही दिवस स्वतःच झोंबतं. पहिले तीन-चार आठवडे वाईट गेले. पुरळ जायला सहा महिने लागले. रक्तवाहिन्या राहिल्या. त्या कमी करायला लेझर असतं, पण पातळ झालेली त्वचा पूर्ण पहिल्यासारखी होईलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. बहिणीच्या गालांवर लव वाढली, तीही स्टिरॉइडमुळेच. ती आता बरीच कमी आहे.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. इसबावर, सोरायसिसवर ते योग्य ताकदीत, योग्य जागी, मोजके दिवस वापरलं तर फार उपयोगी पडतं. घाबरून ते सोडणाऱ्यांचं नुकसानच होतं. माझा आक्षेप औषधावर नाही, ते साबणासारखं विकण्यावर आहे. चिठ्ठी न मागता विकणाऱ्याला जाब विचारला जात नाही आणि चेहरा बिघडलेल्या मुलीला मात्र घरी, ऑफिसात, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे विचारला जातो.

म्हणून एवढंच करा. घरातल्या सगळ्यांच्या ट्यूब उलट्या करून बघा, बाबांच्या खाजेच्या मलमासकट. टक्केवारी आणि ‘आय. पी.’ ही अक्षरं दिसली तर ते औषध आहे. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. महिनाभराहून जास्त चेहऱ्याला लावत असाल तर मी केला तसा फोन कुणाला करू नका, फेकूही नका. फोटो काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

गेल्या महिन्यात बहिणीचं लग्न ठरलं. आई हळूच म्हणाली, “चार दिवसांपुरतं लावू दे की तिला, फोटोपुरतं.” बहीण काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. तिला ती ट्यूब पहिल्यांदा मीच दिली होती, त्यामुळे आईला उत्तर देणं माझं काम होतं.