कच्चा लिंबू आणि नऊ खडे

मराठी मुलांच्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ नावाची एक जुनी संस्था आहे. मोठ्यांच्या डावात धाकटे भावंड हट्टाने घुसते; त्याला नाही म्हणवत नाही आणि खरोखर खेळवताही येत नाही. म्हणून त्याला कच्चा लिंबू करतात. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण बाद झाला तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य कधी येत नाही. ही व्यवस्था मायेची आहे, असे आपण सारे मानत आलो आहोत. पाच वर्षांच्या मुलापुरती ती मायेची असेलही. प्रौढ मित्रांच्या बैठकीत मात्र ती तुच्छतेची सर्वांत सभ्य तऱ्हा आहे, असे आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही येथे थोडे तपशिलात मांडणार आहोत.

प्रौढांचा कच्चा लिंबू उघडपणे जाहीर होत नाही. बुद्धिबळाच्या पटावर वरचढ मित्र समोरचा उंट फुकट पडलेला दिसत असूनही तो मारत नाही, आणि उगाच एक प्यादे पुढे सरकवतो. त्याला वाटते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. परंतु ज्याचा उंट वाचला त्याला दोन खेळ्यांनंतर तो स्वतःच दिसतो, आणि त्याबरोबर आपल्यावर झालेला उपकारही दिसतो. त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक विजय संशयास्पद होतो. आपण जिंकलो की जिंकू दिले गेलो, हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. उलट वरचढाने पूर्ण ताकदीने खेळायचे ठरवले, तर गणित निष्ठुर असते. एलो गुणांकनात दोघांमध्ये 400 गुणांचे अंतर असेल, तर दहा डावांत कमकुवत खेळाडूच्या वाट्याला सरासरी एका गुणाहूनही किंचित कमी येते. अशी बैठक फार दिवस टिकत नाही; एक जण ‘हल्ली वेळ होत नाही’ असे सांगू लागतो.

लपवलेली दया आणि उघडी कत्तल या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, आणि तो जपानने ‘गो’ या खेळात फार पूर्वीच घालून दिला आहे. आम्ही चार मित्र काही वर्षे हा खेळ खेळत आहोत. आमच्या कौशल्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तरीही आमच्यातला कोणी उठून गेलेला नाही. याचे श्रेय आमच्या स्वभावाला नाही. ते नियमाला आहे.

गोचा पट उभ्या-आडव्या एकोणीस रेघांचा. रेघा जेथे छेदतात अशा 361 जागांवर काळे आणि पांढरे खडे आळीपाळीने ठेवायचे, प्रदेश वेढायचा, आणि प्रतिस्पर्ध्याचे खडे सर्व बाजूंनी कोंडले गेले तर उचलायचे. खेळाडूंची प्रतवारी ‘क्यू’ने होते. नवशिका तिसाव्या क्यूच्या आसपास सुरुवात करतो आणि आकडा उतरत पहिल्या क्यूपर्यंत येतो. त्यापुढे चढती ‘दान’ श्रेणी लागते. आता मुख्य गोष्ट अशी, की ही प्रतवारी नुसती मानाची नाही, ती मोजमापाची आहे. एका प्रतीचा फरक म्हणजे एक खडा. तिसऱ्या क्यूचा खेळाडू नवव्या क्यूच्या मित्राशी बसला, तर मित्राचे सहा काळे खडे डाव सुरू होण्याआधीच पटावर मांडले जातात आणि पहिली खेळी पांढरा करतो. जागाही ठरलेल्या आहेत. पटावर नऊ ठिपके असतात; सहा खड्यांच्या डावात चार कोपऱ्यांतले चार आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यावरचे दोन ठिपके भरतात. नऊ खडे ही रूढ मर्यादा.

या मांडणीत नेमके काय घडते, ते पाहावे. कोणताही नियम बदललेला नाही. बाद झालेला खडा बादच होतो. पांढऱ्याने हात आखडता घ्यायचा नाही. उलट त्याने सर्व ताकद लावली तरच हिशेब जुळतो. बुद्धिबळातही अशी सवलत एके काळी प्रतिष्ठेची होती. एकोणिसाव्या शतकात पॉल मॉर्फीसारखा खेळाडू आपले एक प्यादे आधीच काढून ठेवून खेळायला तयार असे. पण तेथे सवलत म्हणजे वजाबाकी. घोडा काढला की खेळाची घडी विस्कटते, आणि कमकुवत खेळाडू एवढेच शिकतो की मोहऱ्यास मोहरा मारत जावे, म्हणजे उरलेला जादा घोडा आपोआप जिंकून देतो. गोमध्ये काहीही काढले जात नाही. सहा खडे तेथे असतात. त्यांचा उपयोग करणे हे काळ्याचेच काम राहते.

आणि ते काम सोपे नसते. आमच्यातला जो मित्र सहा खडे घेऊन बसे, तो सुरुवातीचे तीन डाव ओळीने हरला. कारण तिघांत एकच होते. साठेक खेळ्या झाल्यावर पट पाहिला, तर त्याचा जवळजवळ प्रत्येक खडा पांढऱ्याच्या आधीच्या खड्याला चिकटून पडलेला असे. पांढऱ्याने जेथे हाक मारली तेथे तो धावत गेला होता. आगाऊ खडे हे त्याला आपल्या घराच्या भिंती वाटत होते आणि तो त्या राखत बसला होता. वास्तविक ते खडे हल्ल्यासाठी असतात. पट आधीच काळ्याच्या ताब्यात असल्यामुळे पांढऱ्याला स्वस्थ बसायला जागा नसते. त्याचे गट एकमेकांपासून तोडावेत, त्यांना हुसकावत न्यावे, आणि ते जीव वाचवीत असताना वाटेत आपला प्रदेश बांधावा, ही सहा खड्यांची खरी भाषा आहे. तीन पराभवांनंतर आमच्या ठरावाप्रमाणे खडे सात झाले. सातव्या खड्याने त्याला जिंकून दिले नाही. तो हल्ला करायला शिकला, तेव्हा जिंकला. ओळीने तीन विजय झाल्यावर खडे पुन्हा सहा आणि काही महिन्यांनी पाच झाले. कमी झालेला तो एक खडा त्याने ज्या अभिमानाने डब्यात परत ठेवला, तो अभिमान दयेने जिंकू दिलेल्या शंभर डावांतून आला नसता.

अप्रामाणिकपणा या व्यवस्थेतही शिरू शकतो, आणि तो बहुधा पांढऱ्या बाजूने शिरतो. सहा खड्यांची पिछाडी भरून काढायची, म्हणून वरचढ खेळाडू अशा खेळ्या करू लागतो, ज्या चुकीच्या आहेत हे त्याला ठाऊक असते. समोरच्याला योग्य उत्तर सापडणार नाही, एवढ्यावर त्याची भिस्त असते. यावर आमची कसोटी साधी आहे: हीच खेळी तू बरोबरीच्या खेळाडूसमोर केली असतीस काय? नसशील, तर तू खेळत नाहीस, फसवतो आहेस. अशा सवयीने पांढऱ्याचा स्वतःचा खेळही बिघडतो. दुसरे दुखणे आळसाचे. वर्षानुवर्षे खड्यांची संख्या तीच ठेवली, की एक बाजू कायम जिंकू लागते आणि मोजमापाचा पुन्हा शिक्का होतो. संख्या हलती राहिली पाहिजे. अंतर नऊ खड्यांपलीकडचे असेल, तर तो डाव बरोबरीचा आहे असे सोंग आणू नये. तेव्हा तेरा रेघांचा लहान पट घ्यावा, जेथे थोड्या खड्यांतही अंतर भरून येते.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला मानी माणसाचा: आगाऊ खडे घेणे म्हणजे मिंधेपणा. या सद्गृहस्थांनी यासुनारी कावाबाता यांच्या ‘मेइजिन’ या कादंबरीमागचा खरा डाव आठवावा. 1938 साली होनिन्बो शूसाई यांच्या निवृत्तीचा हा सामना जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपला, आणि वृत्तपत्रासाठी त्याचे वृत्तांकन स्वतः कावाबातांनी केले. काळे खडे मिनोरू किटानी यांच्याकडे होते. कादंबरीत त्यांचे नाव ओताके झाले आहे. पहिली खेळी काळ्याची, आणि तिच्या फायद्याची कोणतीही भरपाई पांढऱ्याला नव्हती. काळा पाच गुणांनी जिंकला. आज जपानमध्ये बरोबरीच्या डावात पांढऱ्याला त्यासाठी साडेसहा गुण देतात. म्हणून किटानींना कोणी उचलून नेले, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? खेळाच्या शिखरावरही फायदा-तोटा हा हिशेबाचा विषय असतो, अब्रूचा नव्हे.

दुसरा आक्षेप उदारमतवाद्याचा: मित्रांत हारजीत कशाला मोजायची? आम्हांला हा आक्षेप पहिल्याहून अधिक घातक वाटतो. हे वाक्य नेहमी जिंकणारा म्हणतो. त्याला न मोजणे परवडते. हरणाऱ्याला मात्र ते मोजमापच हवे असते, कारण आपण कोठे होतो आणि कोठे आलो, हे दुसऱ्या कशाने कळणार? मुले ‘एक डाव भुताचा’ म्हणतात तेव्हा दुसरा डाव खरा असतो, हे गृहीत असते. सगळेच डाव भुताचे करणाऱ्याला खेळ कळलेला नाही आणि मैत्रीही.

राहिला प्रश्न एकाच बाजूने खेळण्याचा, जेथे उचलून नेण्याचे भय सर्वांत अधिक. आम्ही चौघे जोड्या करून खेळतो: वरचढ आणि नवखा एकीकडे, मधले दोघे दुसरीकडे. चौघांनी ठरलेल्या क्रमाने एकेक खडा ठेवायचा; भिडूशी बोलायचे नाही, खूण करायची नाही. या नियमात वरचढाला बाजू एकट्याने ओढताच येत नाही, कारण बाजूच्या निम्म्या खेळ्या दुसऱ्या हाताच्या आहेत. आमच्यातल्या सर्वांत जाणत्याने आरंभी अशी एक खोल खेळी केली, की तिचे मर्म पाच खेळ्या पुढे होते. भिडूला ते कळले नाही. त्याने स्वतःच्या समजुतीने दुसरीकडे खडा टाकला आणि दोन्ही खडे वाया गेले. चूक कोणाची, यावर आम्ही त्या रात्री बराच वाद घातला. आज आमचे मत पक्के आहे: चूक जाणत्याची. जी खेळी पुढचा हात पेलू शकत नाही, ती त्या डावापुरती चांगली खेळी नव्हेच. पुढच्या डावांत तो साधे, भक्कम, अर्थ उघड असलेले खडे टाकू लागला. नवख्याला ते वाचता आले, आणि वाचता वाचता त्याने एकदा पांढऱ्याचा आठ खड्यांचा गट स्वतः कोंडला.

तेव्हा दयाळू मित्रांना आमची विनंती एवढीच. समोरच्याला काय द्यायचे ते आधी, उघडपणे आणि मोजून द्यावे. आणि एकदा दिले, की त्याच्यावर राज्य यायचे असेल तेव्हा ते बेलाशक येऊ द्यावे.