आधी भाकीत, मग तपकीर गल्ली

औषधे नियमित चालू आहेत, झोपही बरी लागते, तरी आवाज थांबत नाहीत आणि ‘माझ्यावर पाळत आहे’ ही पक्की समजूत हलत नाही. स्किझोफ्रेनियाच्या अशा रुग्णांशी घरचे वाद घालतात आणि पुष्कळदा डॉक्टरही घालतात. वादाने समजूत घट्ट होते, कारण रुग्णाला स्वतःचा बचाव करावा लागतो. तिच्याशी न भांडता ती पडताळून पाहण्याचा मार्ग जुना आहे. ॲरन बेक यांनी 1952 मध्ये पाळतीचा संशय असलेल्या एका रुग्णाबद्दल लिहिले. ज्यांच्यावर संशय होता त्या लोकांना नीट निरखायला बेक यांनी रुग्णाला लावले, आणि संशयितांची यादी हळूहळू आखडत गेली. सीबीटीचे हे मूळ आपल्या दवाखान्यांत अजून फारसे रुजलेले नाही, याची मला खंत वाटते.

आता एक उदाहरण. ते अनेक रुग्णांवरून बेतले आहे, कोणा एकाचे नाही. पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा तिशीतला माणूस. सुटे भाग घ्यायला त्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जावे लागते, पण महिनोन्‌महिने तो तिकडे फिरकलेला नाही. तिथले दुकानदार त्याला पाहताच शिट्टी वाजवून एकमेकांना खबर देतात, असे त्याला वाटते. वारलेल्या काकांचा आवाज म्हणतो, “चोर आहेस. आत गेलास तर दहा मिनिटांत धरतील.” खात्री किती, असे विचारल्यावर तो शंभरातले 95 सांगतो.

पहिल्या बैठका केवळ नाते जोडण्यात जातात. “हे खरं की खोटं, मला आज सांगता येणार नाही. पण तुमचा धंदा बसलाय, हे दिसतंय. त्याचं काय करता येईल ते बघू या का?” इतकेच म्हणायचे. होला हो करायचे नाही आणि खोडूनही काढायचे नाही. मग आवाजांचा विषय. जागरणाने कुणालाही आवाज येऊ शकतात. वेल्समधल्या विधवा-विधुरांच्या 1971 च्या पाहणीत निम्म्याच्या आसपास लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती, काहींना आवाजही ऐकू आला होता. हे कळल्यावर ‘मी वेडा ठरलो’ ही भीती उतरते. मात्र “असं सगळ्यांनाच होतं” म्हणून विषय मिटवू नये. त्याचा त्रास सगळ्यांना होत नाही. काका गेले त्या महिन्यात तो रात्र-रात्र जागा होता, हे त्याच्याच तोंडून यावे लागते.

त्यानंतर पडताळणी. तो याआधी एकदा आईबरोबर गल्लीत जाऊन आला होता, टोपी डोळ्यांवर ओढून, झपझप चालत. काही घडले नाही, पण त्याने काढलेला निष्कर्ष होता, “टोपीमुळे वाचलो.” अशी बचावाची चाल सोडल्याशिवाय फेरीतून काही शिकता येत नाही. म्हणून या वेळी टोपी नाही, आई नाही, आणि भाकीत आधी कागदावर. त्याचे म्हणणे खरे असेल तर शिट्ट्या तो आत असतानाच वाजतील. दुसरी शक्यता हातगाडीवाल्यांच्या वाट मागण्याची, आणि ती खरी असेल तर तो नसतानाही तितक्याच वाजतील. काय दिसले तर मत बदलेल, हेही त्यानेच लिहायचे. नाहीतर नंतर “तुम्ही येणार हे त्यांना कळलं होतं” अशी पळवाट उरते. म्हणून दिवस आणि वेळही तोच आयत्या वेळी ठरवतो.

तो दवाखान्यात बसलेला असताना मी गल्लीत पंधरा मिनिटे उभा राहून फोनवर ध्वनिमुद्रण करतो. मग तो आत जातो आणि कपॅसिटर घेऊन वीस मिनिटांनी परत येतो. मुद्रणात सात शिट्ट्या, त्याच्या फेरीत आठ, त्यातल्या तीन तर त्याच्या डोळ्यांदेखत एका हातगाडीवाल्याने वाजवलेल्या. खात्री 95 वरून 70 वर येते. शून्यावर येण्याची अपेक्षा धरणारा उपचारक इथेच घाई करून सगळे बिघडवतो. खरी कमाई वेगळी आहे: दहा मिनिटे उलटली आणि कोणी धरले नाही, म्हणजे काकांचा आवाज चुकू शकतो. तो पुढेही येत राहील, पण त्याचा शब्द अंतिम राहणार नाही. पुढची फेरी गर्दीच्या वेळी, दुकानदाराशी भाव करत.

हे औषधांच्या जोडीने करायचे, त्यांच्याऐवजी नाही. अभ्यासांत सरासरी फायदा लहान ते मध्यमच दिसतो. ब्रिटनमधील नाइसची मार्गदर्शिका किमान 16 बैठका सांगते, त्या दोन-तीनमध्ये आटोपता येत नाहीत. आणि आवाज जीव द्यायला किंवा कुणाला मारायला सांगत असेल, तर आधी तेच स्पष्ट विचारायचे आणि रुग्णाच्या सुरक्षेची सोय करायची. तोवर फेरी नाही.