आधी फिल्म, मग भाषणं!

कॉलेजमधल्या प्रीमियरचा क्रम पाठ असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचं मनोगत आणि मग कधीतरी फिल्म. आमच्या १८ मिनिटांच्या शॉर्टफिल्मचंही हेच झालं आणि त्यात आमची सगळी टेस्टिंग पाण्यात गेली.

कार्यक्रम ५ वाजता होता. आम्ही ४ वाजता प्रोजेक्टर लावून बघितला, लॅपटॉपचा आवाज मिक्सरवरून हॉलच्या स्पीकरला दिला, सगळं ओके! मग भाषणं सुरू झाली. पडद्यावरचा उजेड नको म्हणून कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला. पाहुण्यांच्या माइकमध्ये घरघर येत होती, म्हणून साउंडवाल्या दादांनी लॅपटॉपचा चॅनल खाली ओढला. ५:५०ला फिल्मची घोषणा झाली. लॅपटॉपने प्रोजेक्टर नव्याने ओळखला आणि आवाजही एचडीएमआयमधून तिकडेच वळवला. चित्र पडद्यावर, संवाद मात्र प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरमधून! सेटिंग बदललं, तरी हॉल गप्पच. खाली ओढलेला चॅनल लक्षात येईपर्यंत मागच्या चार रांगा रिकाम्या झाल्या होत्या.

चूक कुणा एकाची नव्हती, क्रमाची होती. टेस्ट केलेली जोडणी जशीच्या तशी असते, तोवरच टेस्टला अर्थ असतो. मध्ये पाऊण तास भाषणं घातली, की तुम्ही टेस्ट न केलेल्या सेटअपवर फिल्म दाखवत असता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दोन मिनिटांचं स्वागत करा आणि ५:१०ला फिल्म लावा. निमंत्रणावरच छापा: ‘फिल्म ५:१० वाजता, कालावधी १८ मिनिटं, त्यानंतर पाहुण्यांशी गप्पा’. उशिरा येणाऱ्याला काय चुकणार, हे आधीच कळतं. टेस्ट करताना नुसता ट्रेलर नको, दाखवायची तीच फाइल त्याच लॅपटॉपवर पूर्ण चालवा आणि शेवटच्या रांगेत बसून संवाद ऐका. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरलेल्या हॉलमध्ये माणसं तो शोषून घेतात. त्यामुळे फेडर थोडा वर ठेवायची तयारी हवी. ठरलेल्या जागी मिक्सरवर चिकटपट्टी लावा. तरीही मध्ये पडदा काळा करावाच लागला, तर प्रोजेक्टर बंद करू नका, रिमोटवरचं ब्लँक बटण दाबा.

‘पाहुण्यांचा मान राहत नाही’ आणि ‘फिल्म संपली की पोरं पळतात’, हे दोन आक्षेप हमखास येतात. पळतील काही, खरंय. पण न पाहिलेल्या फिल्मवर पाहुणे तरी काय बोलणार? शुभेच्छाच देणार! पाहिल्यावर ते एखाद्या सीनबद्दल बोलतील, एडिटिंगवर टीकाही करतील. ते ऐकायला निदान फिल्म बनवणारे तरी नक्की थांबतील. आणि ज्यांनी महिनाभर रात्री जागवल्या, त्यांची फिल्म भरलेल्या हॉलने पाहिलेली असेल.