एसी, मोटर आणि काकूंचा गीझर

"एसी जरा कमी लावत जा गं, आणि मोटरही. मीटर एकच आहे ना आपलं," घरमालक काका जिन्यात म्हणाले. माझं डोकंच सटकलं. भाडं वेळेवर भरते, मग घामाघूम मीच का व्हायचं?

पण रोज सकाळी मेनचा एमसीबी पडायचा, हे खरं. तोही लगेच नाही, दहा-पंधरा मिनिटांनी. म्हणजे शॉर्ट सर्किट नव्हे, ओव्हरलोड. मग बसले हिशोबाला. माझा दीड टनी एसी साधारण 8 अँपिअर, एक एचपीची मोटर 5 आणि वर काकूंचा गीझर 9. झाले 22, आणि एमसीबी 16चा!

"32चा टाकू की," काका म्हणाले. वायरमननं हात जोडले. जुनी वायर तापत राहील आणि एमसीबी पडणारच नाही!

आता मोटर सहाला लागते. साडेसहाला गीझर, तेव्हा माझा एसी बंद. रात्रभर मात्र तो माझाच. बिलावरचा 'मंजूर भार' वाढवायला काका महावितरणकडे अर्ज करताहेत, वायरिंगही बदलणार आहेत. तोवर काकूंनी आंघोळीची वेळ सांभाळायची, मी झोपेची!