न बुडालेले कर्ज आणि घटलेला नफा



‘कर्ज अजून बुडालेले नाही, तारणही ताब्यात आहे, मग बँक आपला नफा आधीच कमी का दाखवते?’ एका व्यापारी बंधूंच्या या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

एका कापड व्यापाऱ्याचे चाळीस लाखांचे कॅश क्रेडिट खाते आहे असे समजा. मंदीमुळे खात्यात भरणा रोडावला. सलग ९० दिवसांतला भरणा त्या काळात नावे पडलेल्या व्याजाइतकाही झाला नाही, तर ते खाते अनुत्पादक ठरते. म्हणजेच, अधूनमधून थोडी रक्कम भरून खाते वाचत नाही. त्या दिवसापासून येणे व्याज बँकेला उत्पन्नात धरता येत नाही. पूर्वी धरलेले पण वसूल न झालेले व्याजही उलटवावे लागते. नफ्याला बसणारा हा पहिला धक्का होय.

दुसरा धक्का तरतुदीचा. पहिले बारा महिने हे कर्ज ‘दुय्यम’ वर्गात राहते. तारण असलेल्या अशा कर्जावर वाणिज्य बँकांना किमान १५ टक्के तरतूद करावी लागते. येणे बाकी ४० लाख धरल्यास ती ६ लाख होते. बारा महिन्यांनंतर कर्ज ‘संशयित’ वर्गात जाते. आता मालाची किंमत ३० लाखच भरली, तर उघड्या पडलेल्या १० लाखांवर पूर्ण तरतूद लागते आणि तारण असलेल्या ३० लाखांवर २५ टक्के, म्हणजे साडेसात लाख. एकूण साडेसतरा लाखांपैकी ६ लाख पूर्वीच बाजूला काढलेले असल्याने या वर्षी आणखी साडेअकरा लाख नफ्यातून वजा होतात. कर्ज संशयित वर्गात तीन वर्षांहून अधिक राहिले, की उरलेल्या तारणावरही शंभर टक्के तरतूद होते.

या व्यवहारात तिजोरीतून एक पैसाही बाहेर गेलेला नाही. जुन्या उधारीची रक्कम नफ्यात धरून वाटून टाकणारा दुकानदार शेवटी भांडवलच वाटतो. बँकेने तसे करू नये, म्हणून ही सक्ती आहे. तरतूद म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जदाराचे देणे पूर्णपणे कायम राहते. वसुली झाली, तर अनावश्यक ठरलेली तरतूद पुन्हा नफ्यात जमा होते.

म्हणून बँकेचा ताळेबंद वाचताना केवळ निव्वळ नफा पाहू नये. तरतुदीपूर्वीचा नफा चांगला आणि निव्वळ नफा अल्प असेल, तर व्यवसाय चालू आहे. मात्र जुनी कर्जे तो खात आहेत, असे समजावे.

आणि आपले स्वतःचे खाते एकदा अनुत्पादक झाले असेल, तर काही भरणा करून ते नियमित होत नाही. व्याज व मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरावी लागते. यासाठी ९० दिवसांची मोजणी आपल्या वहीतही ठेवावी.