प्रायोजक मोजकेच हवेत



गणेशोत्सव जवळ आला की आपल्या नेहरू नगरातल्या दुकानदारांसाठी पत्र तयार करायचं काम माझ्याकडे येतं. तरुण मंडळींपैकी कुणी पुढे हे काम हाती घेणार असेल, तर पत्रातला पॅकेजचा भाग कसा ठरतो ते आज सांगते.

वर्गणी मागताना आपण श्रद्धेला हात घालतो. प्रायोजकाला मात्र आपण एक वस्तू विकत असतो, ती म्हणजे फलकावरची जागा. ही जागा जितकी वाटावी तितकी तिची किंमत उतरते. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकला सहाशेहून अधिक प्रायोजक आणि पुरवठादार होते, तरी त्यातून आलेली रक्कम किरकोळ होती. १९८४ला लॉस एंजेलिसच्या आयोजकांनी मोजकेच प्रायोजक घेतले आणि एका व्यवसायातून एकच, असा नियम केला. रक्कम किमान चाळीस लाख डॉलर. कोडॅकने घासाघीस केली, तेव्हा फिल्मची ती जागा फुजीने घेतली.

हा नियम आपल्या गल्लीतही चालतो. एकाच फलकावर मिठाईची दोन दुकानं आली तर दोघंही नाराज होतात. म्हणून पत्रात सरळ लिहायचं: ‘एका व्यवसायातून एकच प्रायोजक घेतला जाईल.’ या एका ओळीमुळे दुकानदार निर्णय लांबणीवर टाकत नाही.

आता हिशेब. समजा, दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी प्रायोजकांकडून खर्च वजा जाता ९०,००० रुपये हवे आहेत आणि मैदानाच्या एका बाजूला दहा बाय दहा फुटांचे आठ स्टॉल बसतात. मग पॅकेज अशी होतील:

मुख्य प्रायोजक, एकच, ४०,००० रुपये: रंगमंचाच्या फलकावर आणि प्रवेशद्वारावर लोगो, एक स्टॉल.

सहप्रायोजक, तीन, प्रत्येकी १५,००० रुपये: रंगमंचाच्या फलकावर खालच्या पट्टीत लोगो.

फक्त स्टॉल, सात, प्रत्येकी ३,००० रुपये: मंडप, एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा.

स्टॉल सातच, कारण आठवा मुख्य प्रायोजकाला दिला आहे. हा एक स्टॉल हमखास दोनदा विकला जातो, म्हणून आधी मैदानाचा नकाशा काढून त्यावर नंबर घाला. एकूण जमा १,०६,०००. मंडपवाला एका स्टॉलचे १,२०० घेत असेल तर आठांचे ९,६०० आणि फ्लेक्सचे ६,४०० धरा. हे सोळा हजार वजा केले की बरोबर ९०,००० उरतात. स्टॉलची किंमत ठरवताना मंडपवाल्याचा दर आधी विचारायचा, तो याचसाठी.

पत्राची सुरुवात मात्र पैशाने करू नका. ‘हजारो लोक येतात’ असं लिहिलेलं दुकानदार वाचून सोडून देतो. त्याऐवजी मागच्या वर्षी महाप्रसादाला किती पत्रावळी लागल्या तो आकडा द्या. हा आकडा त्याला पटतो, कारण पत्रावळी कुणीतरी विकतच आणलेल्या असतात. आणि पत्र हिंदीत लिहा. आपल्या भोपाळात ते वाचणारे बहुतेक जण हिंदीच वाचतात. मराठीपण कार्यक्रमाच्या माहितीत दिसू द्या.

शेवटी अटी, थोडक्यात: निम्मी रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, उरलेली कधी, आणि लोगो कधीपर्यंत. लोगो पीडीएफ किंवा सीडीआर फाइलमध्येच मागा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण दहा फुटांच्या फ्लेक्सवर फाटतो. ओळखायची खूण सोपी आहे: फोटो संगणकावर चारपट मोठा करा. अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर तो छापायला देऊ नका.

दुकानदार हमखास विचारतो, ‘८०जी की रसीद मिलेगी?’ ती देणगीसाठी असते, आणि तीही संस्थेला तशी मान्यता असेल तर. लोगो किंवा स्टॉलच्या बदल्यात घेतलेली रक्कम देणगी ठरत नाही. दुकानदाराच्या हिशेबात ती जाहिरातीचा खर्च म्हणून जाते. त्यामुळे पावतीवर ‘प्रायोजकत्व’ असंच लिहा आणि जीएसटीचं काय, ते पत्र जाण्याआधी संस्थेच्या सीएंना विचारून घ्या.

उत्सव झाला की आठवड्याभरात प्रत्येक प्रायोजकाला त्याच्या लोगोचा, गर्दीसकट काढलेला फोटो नेऊन द्या. त्यासाठी पहिल्याच संध्याकाळी एकाला कॅमेरा देऊन ठेवा. फलक उतरल्यावर हा फोटो मिळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रासोबत जोडायला तोच लागतो.