मोहरीवर बंदी

कागदावर जेलीला परवानगी होती. क्रॅकर्सना होती, चिकनच्या ब्रॉथला होती, गर काढलेल्या सफरचंदाच्या रसालाही होती. आमच्या घरात जेली शेवटची कधी झाली ते कुणाला सांगता येणार नाही, आणि क्रॅकर्स म्हटलं की सासूबाईंना दिवाळी आठवते. जिच्यावाचून आमच्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ पातेल्याबाहेर पडत नाही, त्या मोहरीचं मात्र त्या दोन पानांत कुठेही नाव नव्हतं. हा कागद ज्याने तयार केला त्याने आयुष्यात फोडणीचा वास घेतला नसावा.

नियमित वाचकांना माझ्या कमी हिमोग्लोबिनच्या रडगाण्याचा लेख आठवत असेल. त्या लेखानंतर तुम्ही मंडळींनी एवढे उपाय कळवलेत, की नाचणी आणि खजूर यांच्याकडे बघवेना. हिमोग्लोबिन काही वर येईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, की या वयात लोह सारखं कमी पडतंय तर ते आतड्यातून थेंबथेंब गळत नाही ना, हे दुर्बिणीने पाहू. म्हणून कोलोनोस्कोपी, आणि तिच्या तयारीचा तो दोन पानी कागद. गंमत म्हणजे त्यासाठी लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायच्या असतात. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याला धरून बसतो आणि पोट साफ करायची पावडर पिऊनही सहज निघत नाही.

आता मोहरी. दुर्बीण जाते ती साधारण दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यातून, आणि शोधायचं असतं ते कधी कधी डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी, आतड्याच्या भिंतीला चिकटलेलं. उरलंसुरलं पाणी डॉक्टर दुर्बिणीतल्या नळीने ओढून घेतात. ही नळी चार मिलिमीटरहूनही अरुंद. तिच्यात टोमॅटोची साल किंवा चार बिया अडकल्या की काम थांबलं. बिया, साली आणि कोंडा आपल्याला पचत नाहीत, ते जसेच्या तसे खाली जातात. म्हणून तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस चोथा नसलेलं खायचं. मऊ पांढरा भात, दही, साल काढलेला उकडलेला बटाटा, अंडं, काटे काढलेला मासा, साधा पांढरा पाव. डॉक्टर एरवी ज्याला नावं ठेवतात तेच सगळं. पालेभाजी, कोशिंबीर, पेरू, डाळिंब, तीळ, मोड आलेली कडधान्यं आणि ज्वारी-बाजरीची भाकरी बंद.

हे एवढं सोपं वाटतं, पण मराठी स्वयंपाकघरातून बी बाहेर काढून पाहा. दहीभातावर फोडणी असते. बटाट्याच्या भाजीत मोहरी, जिरं आणि वरून कोथिंबीर असते. कोथिंबीर न भुरभुरता ताट वाढणं म्हणजे आमच्याकडे अपशकुन. त्यात मधेच एकादशी आली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, मग उपवासच कर की. खिचडी टाकते.’’ साबुदाण्याबद्दल तक्रार नाही, तो निव्वळ पिष्ट आहे. पण खिचडीत दाण्याचं कूट असतं आणि त्याचे कण थेट आतड्यात भेटतात. राजगिऱ्याचा लाडूही तसाच बाद. त्याच दिवशी कोल्हापूरच्या एका वाचकबाईंनी प्रेमाने पाठवलेले अळिवाचे लाडू येऊन पोहोचले. अळीव! पाण्यात फुगणारं, बुळबुळीत, शंभर टक्के बी. बाई, राग मानू नका. लाडू ह्यांनी संपवले, उत्तम झाले होते म्हणे.

आदल्या दिवशी तर फक्त पातळ आणि पारदर्शक. कसोटी अशी, की पेल्याच्या पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा चालतो. वरणावरचं निवळ, फोडणीशिवाय आणि गाळून, माझ्या डॉक्टरांना चाललं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. दूध आणि ताक नाही. कोकम सरबत या कसोटीत अगदी आरपार दिसतं, तरी नको, कारण आत लाल दिसलं की रक्त की रंग हा घोळ होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र या दिवसाचा डोस आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. खाणं बंद आणि गोळी चालू असली तर साखर घसरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्या आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत.

पण खरी मेख खाण्यात नाही, वेळेत आहे. ती मला आमच्या भाऊजींमुळे कळली. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, सगळी कामं आदल्या रात्री उरकून ठेवणारे. त्यांची तपासणी सकाळी अकराला होती. अर्धी पावडर संध्याकाळी आणि अर्धी पहाटे घ्या, असं सांगितलेलं. भाऊजी म्हणाले, ‘‘पहाटे उठून कोण पीत बसणार?’’ आणि दोन्ही लिटर रात्री नऊपर्यंत संपवून ताणून दिली. रात्री पोट छान साफ झालं, स्वतः खात्री करून झोपले. सकाळी दुर्बीण डाव्या बाजूने ठीक गेली. उजवीकडे, म्हणजे आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला पोहोचल्यावर डॉक्टरांना भिंतच दिसेना. पुन्हा तारीख, पुन्हा पावडर, पुन्हा पैसे.

झालं होतं ते असं. आपण काही खाल्लं नाही तरी यकृत पित्त तयार करत राहतं आणि लहान आतडं तो पिवळा चिकट रस मोठ्या आतड्याच्या उजव्या टोकाला ओतत राहतं. रात्री घासून पालथी घातलेली कढई सकाळी बघावी तर कुणीतरी तिला हळदीचा लेप देऊन ठेवलेला, तसा प्रकार. आणि नेमक्या याच उजव्या बाजूच्या गाठी बऱ्याचदा चपट्या असतात, त्या लेपाखाली सहज लपतात. म्हणून दुसरा अर्धा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि किमान दोन तास आधी संपवायचा. भूल देणारे डॉक्टर याहून जास्त वेळ मागत असतील तर त्यांचं ऐकायचं. माझी वेळ दहाची होती. पहिलं लिटर संध्याकाळी सहाला सुरू केलं. दुसऱ्यासाठी गजर साडेचारला, पहिला पेला पाचला, शेवटचा सव्वासहाच्या आत. सहामाहीच्या अभ्यासाला मी कधी या वेळी उठले नव्हते.

ही पावडर म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि थोडे क्षार. ती आतड्यात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि सगळं धुऊन नेते. क्षार असल्यामुळे शरीरातलं मीठ-पाणी फारसं ढळत नाही, त्यामुळे ‘एवढे जुलाब झाल्यावर अंगात काय उरणार’ ही भीती बरीचशी वायफळ आहे. फॉस्फेटची औषधं वेगळी. मूत्रपिंड किंवा हृदय दुबळं असेल तर ती घातक ठरू शकतात, म्हणून आपला आजार आधी सांगायचा. चवीबद्दल काय लिहू? खारट, किंचित तेलकट आणि वर लिंबाचं सोंग. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, म्हणजे अडीचशे मिली. घोट घोट घेत बसलात तर पाणी धुऊन न नेता वाटेतच रेंगाळतं. गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायलं तर निम्मी चव चुकवता येते. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. उलट्या थांबेनात किंवा पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखू लागलं तर पिणं थांबवून दवाखान्यात फोन करायचा.

पहिला पेला प्यायल्यावर तासाभराने सुरुवात होते. बद्धकोष्ठ असणाऱ्यांना जास्त वेळ लागतो, त्यांनी हा त्रास डॉक्टरांना आधीच सांगावा, कधी कधी तयारी एक दिवस आधीपासून करावी लागते. आणि पुणेकरांनो, तारीख घेण्याआधी पाणी कधी बंद आहे ते बघा. मी गुरुवारची तारीख हसतमुखाने नाकारली तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला काही कळेना. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि घरात एकच संडास, या जोडीवर दुर्बिणीचा इलाज नाही. तरीही मी दोन बादल्या भरून ठेवल्या, शेजारच्या काकूंकडे चावी मागून ठेवली आणि ह्यांना त्या रात्री लवकर आंघोळ उरकायला सांगितलं. खोबरेल तेलाची वाटी हाताशी ठेवा. का ते दुसऱ्या तासाला कळेल.

पोट साफ झालं हे कसं ओळखायचं, तर शेवटी जे बाहेर पडतं ते फिकट पिवळं, लघवीसारखं निवळ हवं. पिवळसर धागे चालतात, ते पित्ताचे असतात. गढूळ, तपकिरी किंवा तुकडे असलेलं असेल तर ‘होईल काहीतरी’ म्हणून गप्प बसू नये, टेबलावर चढण्याआधी सांगून टाकावं. त्यावर आणखी औषध किंवा एनिमा देता येतो. न सांगता पुढे गेलं तर डॉक्टर अर्धवट पाहतात आणि आपण पूर्ण पाहिलं असं समजून घरी येतो.

लाज आणि वेदना, या दोन गोष्टींसाठी माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका ही तपासणी वर्षानुवर्षं ढकलतात. लाजेचं सांगते. मागून उघडणारा झगा, डाव्या कुशीवर वळून गुडघे पोटाशी, वर चादर. तिथल्या माणसांना आपल्यात काडीचं स्वारस्य नसतं, त्यांचं लक्ष पडद्यावर असतं. वेदना मला आठवतच नाहीत, शिरेतून दिलेल्या गुंगीच्या औषधाची ती करामत. आतडं फाटण्याचा धोका असतो, पण हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. नंतर दिवसभर पोटात वारा फिरतो, कारण आतडं फुगवून पाहावं लागतं. तो सोडावा, सासूबाई असल्या तरी.

मला एक लहान गाठ निघाली. ती तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवली. डॉक्टर नंतर माझ्याशी दहा मिनिटं बोलले आणि मी म्हणे मुद्देसूद प्रश्न विचारले. मला त्यातलं अक्षर आठवत नाही. गुंगीच्या औषधाने असंच होतं, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही तीही त्यामुळेच. तेव्हा बरोबर जो कुणी येईल त्याला कागद-पेन न्यायला सांगा आणि डॉक्टर बोलतील ते लिहून घ्यायला लावा.